भरलेल्या जागेचा टोन जुळला का? कलर सॅम्पलर आणि हिस्टोग्राम काही महिने वापरल्यानंतर

जुन्या छायाचित्रांच्या स्कॅनमधील घड्या आणि ओरखडे बुजवल्यावर ती जागा शेजारच्या टोनशी जुळली की नाही, हे मी गेले काही महिने फोटोशॉपमधील कलर सॅम्पलर आणि हिस्टोग्राम यांच्या आधारे ठरवतो. सॅम्पलर ठरावीक बिंदूंवरच्या रंगाचे आकडे देतो, तर हिस्टोग्राम निवडलेल्या भागातील टोन कसे विखुरले आहेत ते दाखवतो. एकाच जागेकडे बराच वेळ पाहिले की डोळा किंचित चुकलेल्या रंगालाही सरावतो. म्हणून हा आधार मला आवश्यक वाटतो.

पिवळसर पडलेल्या एका लग्नाच्या फोटोचे उदाहरण घेतो. मागच्या कोऱ्या भिंतीवर उभी घडी होती आणि ती मी वेगळ्या लेयरवर भरली. सॅम्पलरचे तीन बिंदू ठेवले: डावीकडे, पॅचवर आणि उजवीकडे. येथे Sample Size किमान 31 by 31 Average ठेवावा, कारण Point Sample मध्ये एखाद्याच पिक्सेलचा, म्हणजे फोटोतील बारीक दाण्याचा, ग्रेनचा, आकडा हाती येतो. Info पॅनेलमध्ये लाल, हिरवा, निळा या क्रमाने डावीकडे 176, 158, 131 आणि उजवीकडे 164, 146, 121 दिसत होते. भिंतीवरचा उजेड उजवीकडे कमी होत गेल्यामुळे मधल्या पॅचवर साधारण 170, 152, 126 अपेक्षित होते. प्रत्यक्षात 171, 156, 133 आले. उजळपणा जवळपास बरोबर होता, परंतु लाल आणि निळ्यातील अंतर शेजारी 43 ते 45 असताना येथे 38 च होते, म्हणजे पॅच कमी पिवळा होता. त्या लेयरला क्लिप केलेल्या कर्व्ह्जमध्ये हिरवा आणि निळा थोडा खाली आणताच आकडे जुळले. कर्व्ह्ज हलवताना Info मध्ये आधीचे आणि नंतरचे मूल्य शेजारी-शेजारी दिसते, ही सोय फार उपयोगी आहे.

तरीही पॅच गुळगुळीत दिसत होता. हा दोष सरासरीत दिसत नाही, तो हिस्टोग्राममधील Std Dev मध्ये, म्हणजे सरासरीभोवती टोन किती पसरले आहेत हे सांगणाऱ्या आकड्यात, दिसतो. फेदर न दिलेले, सारख्या आकाराचे छोटे सिलेक्शन आधी भिंतीवर आणि मग पॅचवर घेतले, तेव्हा Mean सारखे, पण Std Dev अनुक्रमे 6.2 आणि 3.4 होते; हीलिंगमध्ये ग्रेन पुसले गेले होते. पॅचवर एकरंगी नॉईज देऊन आकडा 6 च्या आसपास आणला. नुसता नॉईज एकेका पिक्सेलचा आणि टोचरा असतो, म्हणून त्यावर अगदी हलका ब्लर द्यावा लागतो. त्याने Std Dev पुन्हा उतरतो, तेव्हा नॉईज सुरुवातीलाच थोडा जास्त धरावा. सिलेक्शन मोठे घेतल्यास उजेडाचा उतारही या आकड्यात मिसळतो आणि तुलना फसते.

हिस्टोग्रामला पिक्सेल कोठे आहेत हे कळत नाही, त्यामुळे ग्रेनचा आकार शेवटी 100% झूमवर डोळ्यांनीच पाहावा लागतो. पॅनेलवर इशाऱ्याचा त्रिकोण असेल तर आकडे कॅशमधले असतात. त्यावर क्लिक करून ते ताजे केल्याशिवाय तुलना करू नये. साडीच्या काठासारख्या नक्षीदार भागात मात्र ही पद्धत मी वापरत नाही, कारण तेथे सरासरी जुळूनही नक्षी तुटलेली असू शकते.