उन्हाचे हिरवे ठिपके आणि खालचं कोरीव काम: गिम्प ३.० काही महिने वापरल्यानंतर

जुन्या मंदिरांचे फोटो काढायचे तर सूर्य टाळता येत नाही. सिन्नरच्या गोंदेश्वराचं तोंड पूर्वेला आहे. संध्याकाळी समोरून फोटो घ्यायचा तर सूर्य शिखराच्या मागेच येतो आणि लेन्स आपला हिशोब वसूल करते. एक हिरवट तबकडी, तिच्या शेजारी फिकट जांभळा बहुकोन, आणि सूर्याभोवती पांढरा फटका. तबकडी मोकळ्या आकाशावर पडली तर काही बिघडत नाही. ती जोत्याच्या कोरीव थरांवर पडते तेव्हा खरी अडचण होते.

मार्च २०२५ मध्ये गिम्प या फोटो संपादनाच्या प्रोग्रॅमची ३.० आवृत्ती आली. तेव्हापासून हे ठिपके काढण्याचं सगळं काम मी तिच्यावर करते. गिम्पमध्ये असे ठिपके, म्हणजे फ्लेअर, काढणारं बटण नाही. `Filters > Light and Shadow` मध्ये `Lens Flare` सापडेल, पण ते फ्लेअर घालण्यासाठी आहे. काढायचं काम हातानेच करावं लागतं, आणि या अनुभवातला मोठा भाग त्या हातकामाबद्दलच आहे.

आधी ठिपका कुठून येतो ते पाहू. लेन्समध्ये काचांचे अनेक पृष्ठभाग असतात. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. लेपामुळे तो बराच कमी होतो, पण सूर्य इतका प्रखर असतो की उरलेलाही पुरतो. एका पृष्ठभागावरून मागे फिरलेला प्रकाश दुसऱ्यावर आपटून पुन्हा सेन्सरकडे येतो, तोच हा ठिपका. म्हणून बहुतेक ठिपके सूर्य आणि फोटोचा मध्यबिंदू यांना जोडणाऱ्या रेषेवर सापडतात. मोबाईलमध्ये तर हिरवा ठिपका बहुधा सूर्याच्या बरोबर समोर, मध्यबिंदूच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर असतो. ही रेषा मनात ओढली की दगडात दडलेले फिकट ठिपकेही दिसू लागतात.

याचा अर्थ असा की ठिपक्याने खालचं कोरीव काम पुसलेलं नसतं. त्याच्यावर जास्तीचा प्रकाश येऊन मिळालेला असतो. मिळालेला प्रकाश वजा करता येतो. `Clone` आणि `Heal` ही गिम्पची अवजारं मात्र खालचं खरं काम टाकून देतात आणि शेजारचा दगड तिथे आणून चिकटवतात. साध्या आकाशावर किंवा गवतावर `Heal` उत्तम चालतं, मीही तिथे तेच वापरते. कोरीव थरावर ते वापरलं की एका हत्तीची सोंड दुसऱ्याच्या पाठीवर येते. शिवाय उजेड आणि सावली जिथे भेटतात तिथे उजेडाचा रंग ठिगळात पाझरतो. मंदिराच्या नोंदीसाठी काढलेल्या फोटोत असं खोटं शिल्प असणं मला अजिबात मान्य नाही.

मग ठिपक्याची जागा नुसती गडद का करू नये? एक उदाहरण घेते. ०.० म्हणजे काळं आणि १.० म्हणजे पूर्ण पांढरं अशी प्रकाशाची सरळ मोजपट्टी धरा. सावलीतल्या काळ्या दगडाच्या खोबणीत हिरव्या रंगाची किंमत ०.०२ आहे आणि उठावावर ०.०८, म्हणजे उठाव खोबणीच्या चौपट उजळ. ठिपक्याने दोन्हींत ०.०४ घातले. आता खोबण ०.०६ आणि उठाव ०.१२ झाला, म्हणजे फक्त दुप्पट. म्हणून तिथलं कोरीव काम धुतल्यासारखं दिसतं. `Burn` केलं किंवा मधले टोन खाली ओढले, तर उठाव परत ०.०८ वर येईल, पण खोबण ०.०४ च्या आसपासच अडकेल. जागा गडद होईल, पण सपाटच राहील. दोन्हींतून ०.०४ वजा केले तरच चौपटीचा फरक परत येतो.

हे गणित जुळायचं तर फोटोतल्या किमती खरोखर प्रकाशाच्या प्रमाणात असाव्या लागतात. कॅमेऱ्यातल्या जेपेगवर आधीच उजेड-सावलीचा कर्व्ह चढलेला असतो, म्हणून मी रॉ फाइलपासून सुरुवात करते. ती उघडणाऱ्या डार्कटेबल या प्रोग्रॅममध्ये हा कर्व्ह चढवणारं `sigmoid` किंवा `filmic rgb` बंद करायचं आणि फोटो ३२ बिट फ्लोट टिफ म्हणून `linear Rec709` प्रोफाइलमध्ये बाहेर काढायचा. तो गिम्पमध्ये उघडताना तेच प्रोफाइल ठेवायचं आणि `Image > Precision` मध्ये ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट व `Linear light` असल्याची खात्री करायची. उजेड-सावलीचा कर्व्ह ठिपका गेल्यावर चढवायचा.

आता प्रत्यक्ष गोंदेश्वराचा फोटो. हिरव्या तबकडीची कड दगडाच्या एका साध्या, नक्षी नसलेल्या पट्टीवरून जात होती. मोजायला अशीच जागा लागते, कारण कडेच्या दोन्ही बाजूंना दगड तोच असतो. `Color Picker` घेऊन `Sample average` चालू केलं आणि माहितीच्या चौकटीत `Pixel` निवडलं. तबकडीच्या बाहेर लाल ०.०८०, हिरवा ०.०७८, निळा ०.०७५ होता. आत ०.०९०, ०.११८ आणि ०.०९०. म्हणजे ठिपक्याने ०.०१०, ०.०४० आणि ०.०१५ इतका प्रकाश घातला होता.

हाच रंग एका नव्या पारदर्शक लेयरवर भरायचा. पण रंग निवडायच्या चौकटीतले नेहमीचे आकडे वेगळ्या मोजपट्टीतले असतात, त्यामुळे सरळ आकडा एका सूत्रातून काढून घ्यावा लागतो:

```
s = 1.055 × L^(1/2.4) − 0.055
```

`L` म्हणजे आपला फरक. आलेलं `s` २५५ ने गुणलं की लाल २५, हिरवा ५६, निळा ३३ मिळतात, म्हणजेच `193821`. गडद हिरवा रंग. मोबाईलच्या कॅलक्युलेटरवर मिनिटाचं काम आहे, पण मला वाटतं गिम्पने हा फरक स्वतः काढून द्यायला हवा. इतक्या महिन्यांत जी एक गोष्ट मला रोज खटकली, ती हीच.

तबकडीच्या आकाराचं सिलेक्शन करून लेयरवर हा रंग भरला आणि लेयरचा मोड `Subtract` केला. इथे एक फसवी जागा आहे. मोडच्या यादीशेजारच्या छोट्या बटणाने `Default` आणि `Legacy` असे दोन गट बदलतात. `Legacy` मधलं `Subtract` प्रकाशाच्या सरळ मोजपट्टीवर चालत नाही, त्यामुळे एकच रंग उठाव आणि खोबणी या दोन्हींना बरोबर बसत नाही. `Default` गटातलंच घ्या आणि लेयरच्या `Blend Space` मध्ये `RGB (linear)` करून ठेवा.

तरीही पहिल्या फटक्यात तबकडी पूर्ण जात नाही, तिच्या कडेची एक बारीक रेघ उरते. ठिपक्याची कड कधीच कातरीने कापल्यासारखी नसते. गिम्प ३.० ची खरी किंमत मला इथे कळली. आता फिल्टर लेयरवर कायमचे थापले जात नाहीत, नंतरही उघडून बदलता येतात. वजाबाकीच्या लेयरवर `Gaussian Blur` लावायचा आणि फोटोकडे बघत त्रिज्या हळूहळू वाढवायची. रेघ एका क्षणी नाहीशी होते, आणखी वाढवली की उलटी गडद कड दिसू लागते. माझ्या फोटोत ६ पिक्सेलच्या आसपास जमलं. अनेक ठिपक्यांची कड मधल्या भागापेक्षा उजळ असते. तिच्यासाठी वेगळ्या लेयरवर एक अरुंद कडं काढून, तेही वजा करून, `Opacity` ने जुळवते. जुन्या २.१० मध्ये ब्लर चुकला की मागे जाऊन पुन्हा लावावा लागे, आणि या कामात तो पुन्हा पुन्हा बदलावाच लागतो.

काम नीट झालं की नाही ते डोळ्यांवर सोडू नका. सगळ्यांत वर `Saturation` तात्पुरतं खूप वाढवून बघा. दगडावर हिरवी झाक उरली असेल तर वजाबाकी कमी पडली, जांभळट झाक आली तर जास्त झाली. खोबणीत काळे कण दिसले तर किंमत शून्याच्या खाली गेली आहे. अशा वेळी लेयरची `Opacity` थोडी उतरवा. ठिपक्याच्या जागी दगड किंचित दाणेदार दिसेल, ते राहू द्या. वाढीव प्रकाश वजा होतो, पण त्याच्यासोबत आलेला नॉइज जात नाही.

फक्त जेपेग हाताशी असेल तरी रीत तीच, पण एकच रंग सगळीकडे पुरत नाही. सावलीत जमलेली वजाबाकी उन्हाच्या दगडावर चुकते. त्यामुळे दोन-तीन लेयर करून, प्रत्येकाला मास्क लावून, प्रत्येक भागाचा फरक वेगळा मोजावा लागतो. ८ बिटच्या फाइलवर फार मोठी वजाबाकी केली तर सावल्यांत पायऱ्या पडतात.

सूर्याच्या पांढऱ्या फटक्याची गोष्ट वेगळी. जिथे तिन्ही रंग सेन्सरच्या मर्यादेला भिडले आहेत, तिथे वजा करून मिळवण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. पांढरं खाली ओढलं की सूर्याच्या जागी राखाडी टिकली येते, आणि ती पांढऱ्या फटक्यापेक्षा वाईट दिसते. म्हणून मी सूर्याला हात लावत नाही, फक्त त्याच्याभोवतीच्या रंगीत कड्यावर काम करते. नवा लेयर घेऊन मोड `LCh Color` करते, दूरच्या आकाशाचा रंग उचलते आणि मऊ ब्रशने कमी `Opacity` ने कड्यावर फिरवते. या मोडमध्ये रंग बदलतो, उजेडाची चढउतार तशीच राहते, त्यामुळे आकाश सूर्याकडे जसं उजळत जायला हवं तसंच उजळत जातं. शिखराची कड फटक्यात पूर्ण बुडाली असेल तर ती परत येत नाही, आणि ती रंगवून काढणं हे फोटोचं काम नव्हे.

ट्रायपॉड असेल तर तिथल्या तिथे आणखी एक फ्रेम घ्या. लेन्सपुढे अंगठा धरून फक्त सूर्य झाका, बाकी काही बदलू नका. त्या फ्रेममध्ये जोत्यावरचे ठिपके नसतात. गिम्पमध्ये ती वरच्या लेयरवर ठेवून काळा मास्क लावायचा आणि ठिपक्यांपुरतं पांढऱ्या ब्रशने उघडायचं. सूर्य झाकल्याने सगळ्या फोटोवरचा पांढुरका पडदाही कमी होतो, त्यामुळे उघडलेली जागा थोडी गडद दिसते. तीही फरक मोजून, पण या वेळी `Addition` मोडच्या लेयरने जुळवता येते. गर्दीच्या दिवशी माणसं हलतात, झाडं हलतात, म्हणून ही रीत दगडावरच वापरावी.

गैरसोयींबद्दल थोडं. २४ मेगापिक्सेलच्या ३२ बिट फोटोवर मोठ्या ब्रशने `Heal` फिरवलं की माझा लॅपटॉप थांबून थांबून चालतो. चार-पाच लेयरची `.xcf` फाइल फार मोठी होते. तरी ती मी ठेवते, कारण वजाबाकीचा लेयर बंद केला की मूळ फोटो जसाच्या तसा समोर असतो आणि कोणता प्रकाश किती काढला ते कोणालाही तपासता येतं.