भारतीय भांडं काढून कमोड बसवला, त्याला आठ महिने झाले

आईचे गुडघे वाकेनात, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या संडासातलं ओरिसा पॅन काढलं. खरं तर ते फार नीट बसवलेलं होतं. भांड्याची कड फरशीच्या किंचित खाली, चारी बाजूंनी फरशीचा उतार भांड्याकडे, पाय ठेवायची जागा फरशीपेक्षा जेमतेम पाऊण इंच वर. गावच्या घरी गवंड्याने ती दोन इंच उचलली आहे आणि रात्री हमखास ठेच लागते.

कमोड घेण्याआधी टेप लावून पाहिली. जुन्या भांड्याचं भोक मागच्या भिंतीच्या टाइलपासून २० इंचांवर, आणि आम्ही निवडलेल्या एस-ट्रॅप, म्हणजे पाणी खाली जमिनीत सोडणाऱ्या कमोडला ते ९ इंचांवर हवं. माप टाइलच्या पृष्ठभागापासून भोकाच्या मध्यापर्यंत घ्यायचं; प्लास्टरपासून घेतलं तर कमोड भिंतीला अडतो. म्हणजे पाइप ११ इंच मागे सरकवणं आलंच.

इथेच चूक झाली. प्लंबरने जुना ट्रॅप, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणारं पाइपचं वळण, जमिनीतच ठेवला आणि नव्या जागेवरून त्याच्या तोंडापर्यंत चार इंची पाइप जोडला. कमोडच्या पोटात स्वतःचं पाणी धरणारं वळण असतंच. त्यामुळे एकामागे एक दोन ट्रॅप झाले आणि मधली हवा कोंडली. फ्लश केला की पाणी कडेपर्यंत चढायचं, थांबायचं, मग गुडगुडत उतरायचं. आई दरवेळी बादली ओतायची. दोन आठवडे आम्ही फ्लशच्या टाकीलाच दोष देत होतो. शेवटी दुसऱ्या प्लंबरने कमोड उचलला, फरशी फोडली, जुना ट्रॅप काढून टाकला आणि फुटाला पाव इंच उतार देऊन साधा पाइप टाकला. फरशी लावण्याआधी खड्ड्यात दोन दिवस पाणी भरून ठेवलं आणि खालच्या काकूंचं छत सकाळ-संध्याकाळ पाहिलं. कोरडं राहिलं, तेव्हाच पुढचं काम केलं. त्या दिवसापासून एका फ्लशमध्ये सगळं जातं.

दुसरी गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. आधी संडास धुतला की पाणी भांड्यातच जायचं. आता भांडं वर उचललं गेलं, फरशीचा उतार मात्र तिकडेच राहिला, आणि पाणी कमोडच्या पायाशी साचू लागलं. महिनाभरात तिथला व्हाइट सिमेंटचा सांधा काळा पडला. मग दाराजवळच्या कोपऱ्यात नहाणी ट्रॅप बसवून तिकडे उतार करून घेतला. हे फरशी उघडी होती तेव्हाच केलं असतं, तर पुन्हा फोडावी लागली नसती.

कमोडची बैठक १६ इंचांवर आहे. आईला ती बरोबर होते. उठताना ती शेजारच्या भिंतीतल्या दांडीला धरते. मला मात्र उकिडवं बसायची सवय, म्हणून पायाखाली आठ इंची स्टूल घेतो. स्टूल वापरून झालं की भिंतीशी सरकवून ठेवतो, नाहीतर आईचा पाय त्यात अडकतो.