रिफंड ११व्या दिवशीच आला होता, फक्त माझ्याकडे नाही

विमान कंपनीने आमची फ्लाइट रद्द केली. एक तिकीट माझं, एक आईचं. दोन्ही एकाच एजंटाकडून काढलेली आणि पैसे माझ्या क्रेडिट कार्डावरून दिलेले. एजंट ओळखीतला. त्याने त्याच दिवशी फोन केला, "ताई, फुल रिफंड आहे, मी रिक्वेस्ट टाकलीय. तुम्ही निवांत राहा." मी राहिले निवांत, आणि तिथेच फसले.

तीन आठवड्यांनी विचारलं तर म्हणाला, "एअरलाइनकडूनच आले नाहीत अजून. तिकडे सगळं तुंबलंय." दीड महिन्याने विचारलं, तेच उत्तर. विमान कंपन्या पैसे द्यायला वेळ लावतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यामुळे हे कारण कुणालाही पटतं. पण नियम काय सांगतात? फ्लाइट कंपनीनेच रद्द केली असेल तर युरोपीय संघात ७ दिवसांत पैसे परत करायचे असतात. अमेरिकेत कार्डाने भरलेले पैसे ७ कामकाजाच्या दिवसांत आणि इतर मार्गाने भरलेले २० दिवसांत द्यायचे असतात. कंपनीने पैसे सोडले की कार्डावर दिसायला बँकेचे आणखी काही दिवस. एजंट मध्ये असला की वेळ वाढतो हे खरं, पण दोन महिने उलटल्यावर "वाट बघा" म्हणणाऱ्याला "नेमकी कुणाची?" असं विचारायलाच हवं. मी ते ६०व्या दिवसानंतर विचारलं.

उत्तर माझ्याच मेलमध्ये पडून होतं. तिकीट काढल्यावर ई-तिकिटाची पावती येते. आपण तिच्यावरची वेळ आणि सामानाचं वजन बघतो आणि बंद करतो. मी ती शेवटपर्यंत वाचली. खाली पैसे कसे भरले त्याची एक ओळ होती आणि तिथे लिहिलं होतं CASH. मी तर कार्डाने भरले होते! मग कार्डाचं स्टेटमेंट काढलं. त्या व्यवहारापुढे विमान कंपनीचं नाव नव्हतंच, एजंटाच्या दुकानाचं होतं.

या दोन ओळी जुळवल्या की सगळं उलगडतं. एजंटाने माझं कार्ड स्वतःच्या मशीनवर चालवून पैसे स्वतःच्या खात्यात घेतले आणि कंपनीकडे तिकीट आपल्या हिशेबात काढलं. यात बेकायदेशीर काही नाही, अनेक एजंट असंच करतात. पण मग विमान कंपनीला माझं कार्ड माहीतच नसतं. तिच्या लेखी पैसे एजंटाने दिले, म्हणून परतही एजंटालाच जातात. एजंट आणि विमान कंपन्यांचे हिशेब मिटवण्याची, आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची बीएसपी नावाची व्यवस्था आहे. तिच्यातून रिफंड मंजूर झाला की ती रक्कम एजंटाच्या पुढच्या हिशेबात जमा धरली जाते, म्हणजे त्याला कंपनीला तेवढे पैसे कमी द्यावे लागतात. त्याच्या बँक खात्यात वेगळी रक्कम येतेच असं नाही. "माझ्या खात्यात काही आलं नाही" हे एजंट तुमच्या डोळ्यांत डोळे घालून सांगू शकतो, आणि शब्दशः ते खरंही असतं.

पावतीवर CASH किंवा INV, म्हणजे इनव्हॉइस, याऐवजी तुमच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे असतील, तर पैसे कंपनीकडून थेट कार्डावर येतात आणि शोध बँकेच्या बाजूने घ्यायचा. माझ्या मावसभावाचं तसं झालं. त्याचं जुनं कार्ड बदलून नवीन आलं होतं आणि रिफंड जुन्या नंबरवर गेला होता. त्याने कंपनीकडून एआरएन मागून घेतला. प्रत्येक कार्ड व्यवहाराला असा २३ आकडी नंबर असतो. तो दिल्यावर बँकेने पैसे शोधून काढले. "माझा रिफंड कुठे आहे?" एवढंच विचारलं असतं तर कुणी हललंही नसतं.

मी विमान कंपनीला फोन केला. पीएनआर सांगितला, तर पलीकडून उत्तर आलं, "बुकिंग रद्द दिसतंय, रिफंडसाठी एजंटाशी बोला." पीएनआर फक्त बुकिंगचा असतो. पैशांचा माग लागतो तो तिकीट नंबरवरून. तो १३ आकडी असतो, पहिले तीन आकडे विमान कंपनीचे, आणि प्रत्येक प्रवाशाचा वेगळा. मी दोन्ही नंबर वाचून दाखवले आणि तीनच गोष्टी विचारल्या: तिकिटाची स्थिती काय, रिफंड कोणत्या तारखेला मंजूर झाला आणि किती. बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं. दोन्ही तिकिटं REFUNDED, फ्लाइट रद्द झाल्यापासून ११व्या दिवशी, पूर्ण रक्कम, एजंटामार्फत. मी म्हटलं, "हे मेलवर लिहून द्याल का?" आणि त्यांनी दिलं.

तो दिवस ६८वा. एजंटाला लगेच मेल दाखवला नाही, आधी फक्त विचारलं. त्याने उत्साहाने एक स्क्रीनशॉट पाठवला: "रिफंड केलाय ताई, हा रेफरन्स नंबर, बँकेत विचारा." नंबर १२ आकडी होता. बँकेतल्या मुलाने तो टाकून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, हा रिफंडचा नाही. तुमचे पैसे कापले गेले होते ना, त्याच व्यवहाराचा आहे." खरेदीचाच नंबर त्याने रिफंडचा म्हणून चिकटवला होता. इतका वेळ मला कुठेतरी वाटत होतं की बिचारा खरंच अडकला असेल. ते तिथे संपलं.

मग एकच मेल लिहिला. त्यात दोन्ही तिकीट नंबर, कंपनीने दिलेली तारीख आणि रक्कम, स्टेटमेंटवरची त्याच्या दुकानाच्या नावाची ओळ आणि शेवटी इतकंच: चार दिवसांत कार्डावर रिफंड करून एआरएन पाठवा, नाहीतर बँकेत डिस्प्युट, म्हणजे या व्यवहाराविरुद्ध तक्रार, टाकते. स्टेटमेंटवर नाव ज्याचं, डिस्प्युट त्याच्यावर लागतो. विमान कंपनीवर टाकला असता तर फेटाळला गेला असता. या डिस्प्युटला मुदत असते, बहुतेक कार्डांवर साधारण १२० दिवस, आणि ते कुठल्या तारखेपासून मोजायचे हे प्रकारानुसार बदलतं. "अजून थोडं थांबा" म्हणणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

तिसऱ्या दिवशी २३ आकडी नंबर आला, सोबत "अकाउंट्सच्या पोरांची चूक झाली" असा मेसेज. कार्डावर पैसे दिसले ७६व्या दिवशी. पण बेरीज जुळेना. प्रत्येक तिकिटामागे "कॅन्सलेशन चार्ज" म्हणून रक्कम कापलेली होती. फ्लाइट कंपनीने रद्द केलेली, कंपनीने पूर्ण पैसे परत केलेले, मग चार्ज कसला? त्याच्या बिलात सेवा शुल्काची वेगळी ओळ होती. ते परत मिळणार नाही असं बिलावरच छापलेलं होतं, म्हणून त्यावर मी वाद घातला नाही. कॅन्सलेशन चार्जचा मात्र बिलावर उल्लेखच नव्हता. तेवढ्याच रकमेचा डिस्प्युट बँकेत टाकला आणि पुरावा म्हणून विमान कंपनीचा तो मेल जोडला. बँकेने एजंटाकडे खुलासा मागितला. त्याचं उत्तर आलंच नाही आणि मुदत संपल्यावर ती रक्कम मला परत मिळाली.

आईला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "मग परवा त्याचा फोन आला होता तो कशाला?" तो नवीन तिकिटांसाठी होता.