लोककथांच्या गेमसाठी अनुदान-अर्ज: दहा कथा की तीन?

पुण्यातला चार जणांचा स्टुडिओ, मागणी १२ लाख रुपयांची, मुदत १२ महिने. विषय मावळ, मुळशी आणि जुन्नरमधल्या बायकांनी सांगितलेल्या कथा, आणि गेम मोबाइलवरचा. अशा अर्जाचे दोन मसुदे सहसा समोर येतात. पहिल्यात दहा कथांचा भरगच्च गेम असतो. दुसऱ्यात बारा जणींचं ध्वनिमुद्रण, त्याचा खुला संग्रह आणि त्यातल्या तीनच कथा खेळता येण्याजोग्या. रक्कम आणि माणसं दोन्हीकडे तीच आहेत, पण अर्ज वाचणाऱ्याला त्यातून दोन निराळे प्रकल्प दिसतात.

| खर्चाची बाब | दहा कथा (₹) | तीन कथा व संग्रह (₹) |
|---|---|---|
| गावोगावचं ध्वनिमुद्रण, मानधन, प्रवास | ६०,००० | १,९०,००० |
| लिप्यंतर आणि टिपा | – | १,१०,००० |
| चित्रं व ॲनिमेशन | ४,८०,००० | २,७०,००० |
| प्रोग्रॅमिंग | ३,६०,००० | ३,००,००० |
| आवाज, ध्वनिसंपादन | १,२०,००० | ८०,००० |
| चाचणी, प्रसिद्धी | १,२०,००० | ६०,००० |
| संग्रहाची साठवण | – | ४०,००० |
| सीए, हिशेब तपासणी | – | ५०,००० |
| किरकोळ, राखीव | ६०,००० | १,००,००० |
| एकूण | १२,००,००० | १२,००,००० |

पहिला मसुदा आकर्षक वाटतो, पण तो चित्रांच्या ओळीवर अडतो. एका कथेला साधारण सहा पार्श्वभूमी आणि चार पात्रं धरा. दहा कथांच्या ६० पार्श्वभूमी आणि ४० पात्रं झाली. पार्श्वभूमीला ३,००० आणि हालचालींसकट पात्राला ७,५०० रुपये धरले की बरोबर ४,८०,००० होतात. आता दिवस मोजा. पार्श्वभूमीला दीड आणि पात्राला चार दिवस धरले तर एका चित्रकाराचे २५० दिवस लागतात. म्हणजे कामाचं अख्खं वर्ष गेलं आणि दुरुस्तीला एकही दिवस उरला नाही. परीक्षकाला हे गणित मांडायला पाच मिनिटं लागतात, आणि ते जमलं नाही की बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही उडतो.

दुसऱ्या मसुद्यात १८ पार्श्वभूमी प्रत्येकी ५,००० आणि १२ पात्रं प्रत्येकी १०,००० रुपयांना आहेत. उरलेले ६०,००० फेरचित्रणाचे. ते मुद्दाम वेगळे दाखवावेत, कारण कथा सांगणारीला चित्र दाखवलं की चूल, जातं, लुगड्याचा काचा यांत दुरुस्त्या हमखास निघतात.

जतन म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर दोन्ही मसुदे वेगळं देतात. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घ्या. पहिल्या मसुद्यात तिचा पळण्याचा आणि चुकवण्याचा खेळ होतो: भोपळा घरंगळतो, वाघ-कोल्हे आडवे येतात, गुण मिळतात. खेळायला मजा येते, पण गोष्ट कुणी, कुठल्या बोलीत सांगितली याचा मागमूस राहत नाही. दुसऱ्या मसुद्यात सांगणारीचाच आवाज आहे आणि खेळणाऱ्याने योग्य जागी हुंकार द्यायचा आहे. हुंकार थांबला की गोष्ट थांबते, जशी ती घरात थांबते. ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन’ या ओळी प्रत्येक सांगणारीकडे थोड्या वेगळ्या असतात, म्हणून एका प्रसंगात दोन गावांचे पाठ निवडता येतात. संग्रहाचा संबंध गेमशी इथे जुळतो, आणि अर्जात ही एकच जागा सविस्तर लिहिली तरी पुष्कळ काम होतं.

ध्वनिमुद्रणाचे १,९०,००० असे फोडून दाखवावेत: बारा जणींना प्रत्येकी ५,००० मानधन, तयार गेम दाखवायच्या दुसऱ्या भेटीचे प्रत्येकी २,०००, प्रवास ३६,०००, रेकॉर्डर आणि दोन माइक ५५,०००, गावातल्या ओळखीच्या साथीदाराला १५,०००. एका तासाच्या बोलीतल्या ध्वनिमुद्रणाच्या लिप्यंतराला आणि टिपांना दहा तास धरावेत. १८ तासांचे १८० तास, ताशी ५०० प्रमाणे ९०,०००. वर २०,००० जाणकाराच्या तपासणीचे. साठवण मात्र स्वस्त आहे. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, मोनो वेव्ह फाइल तासाला सुमारे ५२० एमबी होते, म्हणजे १८ तास दहा जीबीच्या आतच. तीन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या तरी ४०,००० पुरतात, आणि त्यातला बराचसा भाग यादी व वर्णन-नोंदी करण्याचा असतो.

हक्कांचा मुद्दा पहिल्या मसुद्यात नेहमी एका वाक्यात उरकलेला दिसतो: ‘लोककथा सर्वांच्या आहेत.’ कथा सर्वांची असली तरी तिच्या सादरीकरणावर कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार सादर करणाऱ्याचा हक्क आहे, आणि तो ५० वर्षं टिकतो. छापील संग्रहातला मजकूर उचलला तर संपादक-लेखकाचा हक्क वेगळाच लागतो. म्हणून संमतीपत्र मराठीत हवं, मोठ्याने वाचून दाखवलेलं हवं, आणि संग्रहासाठी व गेमसाठी स्वतंत्र सह्या हव्यात. एखादी बाई संग्रहाला हो म्हणेल, विकल्या जाणाऱ्या गेमला नाही. ती सोय कागदावर असली पाहिजे.

टप्प्यांतला फरक आणखी मोठा आहे. ‘सहाव्या महिन्यात ५० टक्के काम पूर्ण’ हे कुणालाच तपासता येत नाही. दुसऱ्या मसुद्यात वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं. डिसेंबरअखेर चार ध्वनिमुद्रणं लिप्यंतरासह आणि देवनागरी नीट दाखवणारी चाचणी-आवृत्ती. मार्चअखेर बाराही ध्वनिमुद्रणं आणि एक कथा पूर्ण खेळता येणारी. जूनअखेर तिन्ही कथा, आणि त्या सांगणाऱ्यांना दाखवल्याची नोंद. सप्टेंबरला प्रकाशन, खुला संग्रह, तपासलेला हिशेब. हा क्रम पावसावर बेतलेला आहे. मावळ-मुळशीत जुलैत भातलावणी असते, कुणाला बसून गोष्ट सांगायला वेळ नसतो, आणि पत्र्यावरच्या सरींत माइक आवाज पकडत नाही. मंजुरी जूनमध्ये मिळाली तर सुरुवात ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलायची परवानगी अर्जातच मागावी.

देवनागरीची चाचणी पहिल्या टप्प्यातच का, तर काही गेम-इंजिनांचे मजकूर-घटक अक्षरं जुळवत नाहीत. ‘कि’मधली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते, जोडाक्षर पाय मोडून उभं राहतं. ‘स्त्री, किर्र, सुऱ्या, ज्ञान’ एवढे शब्द फोनवर उमटवून पाहिले की दोष लगेच दिसतो. गोडो इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीत हे नीट चालतं. हा दोष दहाव्या महिन्यात सापडला तर सगळा मजकूर चित्र म्हणून चिकटवावा लागतो, आणि मग एक काना बदलायलाही नवं चित्र करावं लागतं.

पैशांचे हप्ते करारावेळी ३० टक्के, पहिल्या टप्प्यानंतर २५, दुसऱ्यानंतर ३० आणि शेवटी १५ असे मागावेत. शेवटचे १,८०,००० खर्च झाल्यावर हाती येतात, तेवढी रक्कम स्टुडिओकडे आधी असली पाहिजे. गेमची मालकी अनुदान देणाऱ्याकडे जात असेल तर अनुदान ‘सेवेचा मोबदला’ ठरू शकतं. मग १८ टक्के जीएसटी १२ लाखांतूनच द्यायची पाळी आली, तर कामाला १०,१६,९४९ रुपये उरतात. सह्या करण्याआधी सीएकडून लेखी मत घ्यावं. त्यासाठीही त्या ५०,००० ची ओळ आहे.

कला-वारशाच्या निधीकडे जायचं असेल तर दुसरा मसुदा पाठवावा. निधी निव्वळ गेमचा असेल, ध्वनिमुद्रणं आधीच हाती असतील आणि संमतीपत्रं पूर्ण असतील, तर पहिला मसुदा चालेल, पण दहाऐवजी पाच कथांचा. पाच कथांना चित्रकाराचे १२५ दिवस लागतात, आणि उरलेल्या वेळात दुरुस्त्या खरोखर होतात.