नळ्या तपासायच्यात: एचएसजी करावी की थेट दुर्बीण?

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासण्या सुरू कराव्यात. बायकोचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. मग थोड्याच दिवसांत प्रश्न येतो, गर्भनलिका उघड्या आहेत का हे एचएसजीने, म्हणजे डाय सोडून काढलेल्या एक्स-रेने पाहायचं की पोटात दुर्बीण घालून? माझं मत आधीच सांगते: बहुतेक जोडप्यांनी आधी एचएसजी करावी. पण त्याही आधी नवऱ्याचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट हातात हवा. बायकोला भूल देऊन पोटात दुर्बीण घालून झाल्यावर नवऱ्याचं सॅम्पल मागवलं जातं, असं आजही घडतं. हे मला अजिबात पटत नाही.

एक जोडपं घेऊ. ती 31 वर्षांची, पाळी नियमित, दोन वर्षं प्रयत्न चालू. त्याच्या रिपोर्टमध्ये वीर्य 2 मिली, काउंट मिलीला 1.2 कोटी, सरळ पुढे जाणारे शुक्राणू 35 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 1.6 कोटी आहे, म्हणून काउंटला लाल खूण आणि घरात रडारड. पण ही मर्यादा म्हणजे पास-नापासची रेघ नाही. वर्षभरात ज्यांच्या बायकांना दिवस राहिले, अशा पुरुषांपैकी 5 टक्क्यांचे आकडेही तिच्या खालीच होते. खरा उपयोगी आकडा गुणाकारातून मिळतो: 2 गुणिले 1.2 कोटी, त्याचे 35 टक्के, म्हणजे सुमारे 84 लाख पुढे जाणारे शुक्राणू. कमी आहेत, पण शून्य नाहीत.

विचारल्यावर कळलं, दोन महिन्यांपूर्वी त्याला डेंग्यू झाला होता. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे तापाचा परिणाम उशिरा दिसतो. तीन महिन्यांनी, दोन ते सात दिवसांचं अंतर पाळून आणि सॅम्पल तासाभरात लॅबला पोहोचवून, पुन्हा तपासणी केली. आता 2.2 मिली, 2.8 कोटी, 40 टक्के. गुणाकार जवळजवळ अडीच कोटींवर गेला. एका रिपोर्टवर कुणालाही ‘दोष’ चिकटवू नये, ते एवढ्यासाठीच.

आता नळ्या. एचएसजीत पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसादरम्यान गर्भाशयात डाय सोडून एक्स-रे काढतात. भूल लागत नाही, काही मिनिटांत काम होतं, खर्च दुर्बिणीपेक्षा बराच कमी. पोटात कळ येते, म्हणून तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यावी. दुर्बिणीला पूर्ण भूल आणि पोटावर छोटे छेद लागतात. पण त्यात निळा डाय नळीच्या टोकातून बाहेर पडताना डोळ्यांनी दिसतो आणि एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाबाहेर वाढलेलं अस्तर, काढता येतं, चिकटलेली आतडी सोडवताही येतात. एचएसजीला नळीच्या बाहेरचं हे जग फारसं दिसत नाही.

एचएसजी सर्वांत जास्त फसते ती नळीच्या सुरुवातीला, गर्भाशयाच्या कोपऱ्यात. कळ आली की तिथला स्नायू आवळतो, डाय अडतो आणि रिपोर्टवर ‘नळी बंद’ लिहिलं जातं. आपल्या जोडप्यात तेच झालं: उजवी कोपऱ्यापाशी बंद, डावी मोकळी. अशा वेळी दुर्बिणीची घाई नको, एक उघडी नळी पुरते. दोन्ही बाजूंना कोपऱ्यात अडथळा असता, तर मात्र पुन्हा तपासणी किंवा दुर्बीण केल्याशिवाय बंद मानू नयेत. याउलट टोकाला बंद होऊन पाण्याने फुगलेली नळी एचएसजीत दिसली, तर त्या निकालावर सहसा भरवसा ठेवता येतो.

मग थेट दुर्बीण कुणी करावी? पाळीत असह्य दुखतं, पूर्वी फुटलेल्या अपेंडिक्सचं किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय, ओटीपोटात जंतुसंसर्ग किंवा क्षयरोग होऊन गेलाय, अशा बाईने. आपल्याकडे क्षयरोगाने नळ्या खराब होणं दुर्मिळ नाही, आणि घरात कुणाला टीबी होता का हे विचारल्याशिवाय बायका स्वतःहून सांगत नाहीत.

पुढचा फाटा आययूआय, म्हणजे लॅबमध्ये धुऊन निवडलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, की आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी. या जोडप्याला तीन-चार आययूआय करून बघायला वाव आहे. त्यानंतर तेच करत राहण्यात अर्थ नाही. तिचं वय 38 असतं तर मी आयव्हीएफची चर्चा पहिल्याच भेटीत काढली असती, कारण तेव्हा सहा महिनेही महागात पडतात. धुतलेल्या सॅम्पलमध्ये पुढे जाणारे शुक्राणू पन्नास लाखांच्या खाली असतील तर आययूआयची आशा घटते, दहा लाखांच्याही खाली गेले तर बहुधा इक्सीच, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडून केलेलं आयव्हीएफ. सॅम्पलमध्ये शुक्राणूच नसतील, तर आधी हार्मोन आणि जनुकीय तपासण्या हव्यात.

दोन्ही नळ्या खरोखर बंद असतील तर आययूआयमध्ये पैसे घालू नयेत. आणि नळी पाण्याने फुगलेली असेल तर आयव्हीएफही लगेच नको. ते पाणी गर्भाशयात झिरपतं आणि यशाची शक्यता जवळजवळ निम्मी करतं, म्हणून ती नळी आधी काढावी किंवा मुळापाशी बंद करावी. दुर्बीण इथे खरी गरजेची आहे.