माइटरोधक खोळी आणि ६० अंशांची धुलाई: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या मुलीचं नाक रात्री अंथरुणावर पडलं की चोंदायचं, पहाटे खोकल्याची उबळ यायची आणि उठल्या उठल्या सलग शिंका. ताप नाही, घसा दुखत नाही, दुपारपर्यंत ठणठणीत. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते, हा त्रास मात्र वर्षभर होता. डॉक्टरांनी स्किन प्रिक टेस्ट केली, म्हणजे त्वचेवर वेगवेगळे थेंब टाकून हलकंसं टोचलं, तेव्हा डस्ट माइट या धुळीतल्या सूक्ष्म जीवाच्या थेंबाखाली मोठी गांध उठली. मांजर आणि परागकणांच्या थेंबांखाली काहीच नाही. चाचणी आधी करून घेतली हे फार बरं झालं, कारण ॲलर्जी दुसऱ्याच कशाची असती तर गादी-उशीच्या माइटरोधक खोळींवरचा खर्च वाया गेला असता.

माइट चावत नाहीत आणि डोळ्यांना दिसतही नाहीत. ते आपल्या त्वचेचा कोंडा खातात आणि पाणी न पिता हवेतला ओलावा शोषतात, त्यामुळे उबदार, घामाने दमट गादी-उशी म्हणजे त्यांचं घरच. ॲलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची असते. विष्ठेचे हे कण तुलनेने जड असतात. कूस बदलली की उडतात आणि थोड्या वेळात पुन्हा खाली बसतात. म्हणूनच एअर प्युरिफायरवर मी भिस्त ठेवली नाही. नाक तर उशीलाच टेकलेलं असतं.

खोळ घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. ती गादीला सहाही बाजूंनी झाकणारी, चेनची हवी. वरून ताणून बसवायची इलॅस्टिकची चादर या कामाची नाही. दुसरं म्हणजे विणीची छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा लहान असावीत. आधी आणलेली प्लास्टिकच्या थराची खोळ कुरकुरायची, पाठीला घाम यायचा आणि मुलगी त्यावर झोपेना. घट्ट विणीच्या कापडाची घेतल्यावर ती तक्रार गेली. मात्र त्या खोळीची चेन जिथे संपते तिथे करंगळी जाईल एवढी फट होती. गादी दाबली की तिथून हवा हाताला लागायची, म्हणजे आतली धूळही बाहेर येणारच. चेनच्या टोकावर कापडी चिकटपट्टी लावून ती बंद केली. उशीलाही अशीच खोळ घातली आणि त्यावर नेहमीचा अभ्रा.

पण नुसत्या खोळीने भागत नाही. त्वचेचा कोंडा वरच्या चादरीवर पडतच राहतो, त्यामुळे चादर, अभ्रा आणि पांघरूण दर आठवड्याला धुवावं लागतं. थंड पाण्याने प्रथिनं बरीचशी निघून जातात, कारण ती पाण्यात विरघळतात. जिवंत माइट मात्र धाग्यांना धरून राहतात. ते मारायला पाणी ६० अंश सेल्सियसच्या आसपास हवं. मशिनवर नुसतं ‘वॉर्म’ लिहिलेलं असेल तर पाणी बहुधा ४० अंशांच्याच आसपास असतं, म्हणून आकडा पाहूनच प्रोग्रॅम निवडावा. गरम पाणी न सोसणारं तिचं मऊ अस्वल आम्ही पिशवीत घालून फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवतो आणि मग साध्या पाण्याने धुतो. थंडीने माइट मरतात, पण प्रथिनं तशीच राहतात, म्हणून ही धुलाई टाळता येत नाही. खोळी मात्र दर आठवड्याला धुवायच्या नाहीत. एरवी ओल्या फडक्याने पुसतो आणि दोन-तीन महिन्यांनी लेबलवर लिहिल्याप्रमाणे धुतो. ब्लीच अजिबात नाही.

पहिले काही आठवडे फरक जाणवला नाही. मग सकाळच्या शिंका उतरल्या आणि त्यानंतर बऱ्याच उशिरा पहाटेचा खोकला. मधे तो अचानक परतला. खोळी तपासल्या, सगळं जागच्या जागी. शेवटी कळलं की रात्री ती उठून भावाच्या पलंगावर जाऊन झोपते, आणि त्याच्या गादीला खोळ नव्हती. त्याच्या गादी-उशीला घातल्यावर खोकला पुन्हा हळूहळू बसला. माझ्या मते एका खोलीतल्या सगळ्या गाद्या एकदमच झाकाव्यात.

हे औषधाला पर्याय नाही. नाकात मारायचा स्प्रे डॉक्टरांनी सुरूच ठेवला होता, अलीकडे त्यांनीच तो कमी केला. त्यामुळे आरामाचं किती श्रेय खोळींना आणि किती स्प्रेला, हे मला वेगळं काढता येत नाही. दम्यात तर एखाद-दुसऱ्या उपायाचा फारसा फायदा दिसत नाही, असंच अभ्यास सांगतात. छातीत घरघर होत असेल किंवा धाप लागत असेल तर खोळीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं.

दमट दिवसांत अजूनही तिला अधूनमधून शिंका येतात. तेव्हा आम्ही अंथरूण उठल्याबरोबर आवरून झाकत नाही, तासभर उघडं ठेवून वाळू देतो. खोलीत आर्द्रतामापकही ठेवलाय. काटा ५० टक्क्यांच्या वर राहायला लागला की बाहेरची हवा कोरडी असेल तर खिडक्या उघडून, नाहीतर डीह्युमिडिफायर लावून तो खाली आणतो.