वहीत मेलेली गाय

मुरबाड तालुक्यात एका परिचिताबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत मी दहा संकरित गाई घेतल्या. लोणीच्या बाजारातून आणलेल्या प्रत्येक गाईचे ८०,००० रुपये पडले. मी नोकरीमुळे ठाण्यात राहत असल्याने गोठा आणि वही दोन्ही भागीदाराकडे होती, आणि ही माझी पहिली चूक ठरली.

भाद्रपदात त्याचा फोन आला, की एक गाय पोट फुगून रात्रीत गेली आणि तिला लगेच पुरले. वर्षअखेरीच्या हिशेबात त्याने ‘गाय मृत, तोटा ८०,०००’ असे लिहून त्यातले ४०,००० माझ्या वाट्यातून वजा केले. मुक्या जनावराच्या मरणाविषयी संशय घेणे बरे वाटेना, म्हणून मी काही विचारले नाही.

पुढे कल्याणच्या एका हिशेबनिसांनी वही पाहिली, तेव्हा त्यांना प्रथम खुराक खटकला. दिवसाला १२ लिटर दूध देणाऱ्या गाईला दुधामागे सुमारे पाच किलो आणि शरीरपोषणासाठी दीड-दोन किलो खुराक लागतो, म्हणजे पन्नास किलोचे पोते जेमतेम आठवडाभर पुरते. एक गाय गेली तर महिन्याला चार पोती कमी व्हायला हवीत. आमच्या वहीत दूध महिन्याला ३६० लिटरनी घटले होते, पोती मात्र पूर्वीइतकीच येत होती. त्या जादा पोत्यांचे काय झाले, हे भागीदार आजवर सांगू शकलेला नाही.

त्याहून गंभीर बाब खरेदीच्या नोंदीत होती. दुभती गाय ही वर्षानुवर्षे उत्पन्न देणारी मालमत्ता असल्याने तिची किंमत पशुधनाच्या खात्यात राहायला हवी, आणि ती मेली तर खरेदी किमतीतून विमा किंवा कातड्याचे मिळालेले पैसे वजा करून उरेल तेवढाच तोटा धरायला हवा. १९६१ च्या आयकर कायद्यातही धंद्यातल्या जनावरांसाठी अशीच तरतूद होती. भागीदाराने मात्र पहिल्याच वर्षी आठही लाख ‘चारा व खुराक’ या सदरात खर्ची घातले होते. जी किंमत खर्चात आधीच गेली होती, तीच मरणाच्या नावाने पुन्हा माझ्याकडून घेतली गेली.

मृत्यूचा पंचनामा नव्हता, शवविच्छेदनाचा दाखलाही नव्हता. सुदैवाने खरेदीच्या पावतीवर गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक होता. तो घेऊन मी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो, तेव्हा त्याच क्रमांकाच्या गाईला पौष महिन्यात शेजारच्या गावात कृत्रिम रेतन केल्याची नोंद सापडली. आमची गाय जिवंत होती आणि भागीदाराने ती परस्पर विकली होती.

ज्यांचा गोठा दुसऱ्याच्या हातात आहे, त्यांनी प्रत्येक गाईचे बिल्ला क्रमांकासह वेगळे पान ठेवावे, दर महिन्याला पोती आणि लिटर शेजारी-शेजारी मांडावेत, आणि गाय मेल्याचे कळताच पुरण्याआधी डॉक्टरांना बोलवायला सांगून पंचनामा हाती आल्याशिवाय तोटा मान्य करू नये. मी भागीदारी मोडली असून पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीला ती पावती आणि रेतनाची नोंद जोडली आहे.